रात्रपाळीतला ताप आणि घरी लावलेला फोन

फ्लूचा ताप साध्या सर्दीसारखा पायरीपायरीने येत नाही. सर्दीत आधी नाक चोंदते, मग घसा धरतो, दोन दिवसांनी अंग कसकसते. फ्लूमध्ये माणूस जेवणाच्या सुट्टीपर्यंत धडधाकट असतो आणि तासाभरात त्याला हुडहुडी भरते, डोळ्यांमागे दुखू लागते, पाठ आणि पोटऱ्या कुणी बडवून काढल्यासारख्या होतात. विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत एक ते चार दिवस जातात. पण लक्षणे सुरू झाली की ती इतक्या झपाट्याने येतात की बहुतेक रुग्ण सुरुवातीचा तास सांगू शकतात. हा तास पुढे फार उपयोगी पडतो, आणि रात्रपाळी करणारा माणूस नेमका त्याच्याच हिशेबात चुकतो.

उदाहरणासाठी दुबईच्या जेबेल अली भागातल्या एका गोदामाचे चित्र डोळ्यांसमोर आणता येईल. कोकणातून आखातात नोकरीला जाण्याचा रिवाज जुना आहे. समजा, रत्नागिरी जिल्ह्यातला चौतिशीचा एक तरुण तिथे रात्री नऊ ते सकाळी सहा माल उतरवण्याचे आणि मोजण्याचे काम करतो. कामगार वसाहतीतल्या खोलीत सहा जण आहेत, तरी आजारपणात तो एकटाच पडतो. बाकीचे पाचही जण दिवसपाळीचे. हा खोलीवर येतो तेव्हा ते बसमध्ये बसलेले असतात आणि ते परततात तेव्हा याच्या निघण्याची वेळ झालेली असते. परदेशातला एकटेपणा म्हटला की रिकामी खोली डोळ्यांसमोर येते. इथे खोली भरलेली आहे, फक्त पाळ्या जुळत नाहीत.

मंगळवारी पहाटे दोन वाजता त्याला थंडी वाजू लागते. बरोबरच्या गड्याजवळची पॅरासिटामॉलची गोळी घेऊन तो पाळी पुरी करतो. सहा वाजता घाम फुटून अंग हलके होते, आणि ताप उतरला असे त्याला वाटते.

तसे वाटण्यामागे शरीराचे घड्याळ आहे. निरोगी माणसाचेही तापमान दिवसभर सारखे नसते. ते पहाटे सर्वांत कमी आणि संध्याकाळी सर्वांत जास्त असते. हा फरक अर्ध्या ते एक अंश सेल्सिअसचा असतो. तापातही ही भरती-ओहोटी बऱ्याच अंशी तशीच चालते. रात्रपाळी करणाऱ्याचे हे घड्याळ पुरते उलटे होत नाही, कारण सुट्टीच्या दिवशी तो पुन्हा सगळ्यांसारखा रात्री झोपतो. त्यामुळे त्याची पाळी संपते ती तापाच्या ओहोटीच्या वेळी, आणि तो दिवसा झोपलेला असताना ताप चढत जातो. दिवसा काम करणारा संध्याकाळी तापाने फणफणतो ते घरच्यांसमोर. रात्रपाळीवाल्याचा ताप चढतो तो पडदे ओढून घेतलेल्या खोलीत, झोपेत, कुणी पाहत नसताना. त्यात त्या सहा-सात तासांत घोटभरही पाणी पोटात जात नाही. म्हणून सकाळी सहाला 'बरे वाटते' याला फारसा अर्थ नसतो. दुपारी दोन ते संध्याकाळी सहाच्या दरम्यान ताप मोजला तर तो खरा कळतो.

खोलीवर आल्यावर साडेसात वाजता तो घरी फोन लावतो. भारताचे घड्याळ दुबईच्या दीड तास पुढे असल्यामुळे गावी नऊ वाजलेले असतात. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवर संदेश जातात, पण आवाजाचे आणि चित्राचे कॉल सहसा लागत नाहीत, म्हणून कामगार बोटिमसारखे परवानाधारक ॲप वापरतात. पलीकडून आई जे सांगते ते मराठी घरात वाढलेल्या कुणालाही पाठ असेल. पेज पी, हळद घालून दूध घे, मिठाच्या पाण्याने गुळण्या कर, वाफ घे, पांघरूण घेऊन घाम काढ, आणि मागच्या वेळी येताना दिलेल्या त्या पाच गोळ्या सुरू कर.

यातला प्रत्येक सल्ला वेगवेगळा तपासावा लागतो. सगळे मिळून 'घरगुती' म्हणून उचलण्यासारखेही नाही आणि टाकण्यासारखेही नाही. मीठ घातलेली भाताची पेज उत्तमच. तापात घामावाटे जाणारे पाणी आणि क्षार ती भरून काढते, शिवाय अन्नावर वासना नसतानाही घशाखाली उतरते. गुळण्यांनी घशाला आराम पडतो. हळदीच्या दुधाने अपाय होत नाही. ते प्यायल्याने विषाणू मरतो असे मात्र नाही. वाफेने चोंदलेले नाक थोडा वेळ मोकळे होते, पण सहा जणांच्या खोलीत, अंगात त्राण नसताना, उकळत्या पाण्याचे भांडे मांडीजवळ घेऊन बसण्यातला भाजण्याचा धोका त्या फायद्याहून मोठा आहे. पांघरूण घेऊन घाम काढण्याचा सल्ला चुकीचा. हुडहुडी असेपर्यंत चादर हवी. ती थांबल्यावरही अंग गुंडाळून ठेवले तर उष्णता आत कोंडते आणि पाणी आणखी कमी होते.

सर्वांत चुकीचा सल्ला त्या पाच गोळ्यांचा. भारतात घरोघरी पडून असलेला 'पाच गोळ्यांचा कोर्स' म्हणजे बहुधा प्रतिजैविक, म्हणजेच अँटिबायोटिक असते. ते जिवाणूंवर चालते; फ्लूचा आजार विषाणूमुळे होतो. फ्लूनंतर जिवाणूंमुळे न्यूमोनिया झाला तर प्रतिजैविक लागते, पण तो झाला आहे की नाही हे छाती तपासल्याशिवाय ठरत नाही. आधीच अर्धवट गोळ्या घेतलेल्या असल्या तर डॉक्टरांचे कामही अवघड होऊन बसते. दुबईतल्या औषधाच्या दुकानात प्रतिजैविक डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि गावच्या डॉक्टरांची चिठ्ठी तिथे चालत नाही. त्याच पिशवीत कोडीन असलेले खोकल्याचे औषध किंवा ट्रॅमाडॉलच्या गोळ्या असल्या तर गोष्ट आणखी गंभीर होते. अमिरातीत ही औषधे नियंत्रित यादीत आहेत आणि परवानगीविना ती बाळगणे हा गुन्हा ठरतो.

तरीही हा फोन वाया जात नाही. दुपारी दोनला तो जागा होतो तेव्हा घसा कोरडा पडलेला, लघवी गडद पिवळी, आणि उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी. वसाहतीखालच्या दुकानातून थर्मामीटर आणून तो ताप मोजतो. ताप ३९.४ भरतो. आपल्याकडच्या जुन्या थर्मामीटरच्या भाषेत हा जवळपास १०३. चार वाजता तो पुन्हा फोन लावतो. आता आईबरोबर गावातले डॉक्टर आहेत, संध्याकाळची ओपीडी सुरू करण्याआधी दहा मिनिटे घरी आलेले.

डॉक्टर औषध सांगत नाहीत, प्रश्न विचारतात. त्यांचा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. पहिला प्रश्न तासाचा: थंडी नेमकी कधी वाजली? "काल रात्री," असे उत्तर येते. रात्रपाळीवाल्याच्या तोंडी हे उत्तर घोटाळ्याचे असते, कारण त्याचा 'काल' झोपेने मोजला जातो, तारखेने नव्हे. खोदून विचारल्यावर मंगळवारची पहाट, दोन वाजता, असे ठरते. दुसरा प्रश्न श्वासाचा. मोबाइल उशीला टेकवून ठेवायचा, छाती दिसली पाहिजे, आणि गप्प पडून राहायचे. घड्याळ समोर ठेवून आई पूर्ण एक मिनिट छातीचे चढउतार मोजते. बावीस. स्वस्थ पडलेल्या मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला बारा ते वीस असतो आणि तापात तो थोडा वाढतोच. हाच आकडा पंचवीसच्या वर गेला असता तर त्याच दिवशी तपासणी टाळता आली नसती, आणि तीस झाला असता तर दवाखान्याचा विचार सोडून थेट रुग्णालय गाठावे लागले असते. हजारो किलोमीटरवरून, कोणत्याही यंत्राशिवाय मिळणारी ही बहुधा सर्वांत भरवशाची माहिती आहे, आणि ती घ्यायला घड्याळ पाहता येणारे कुणीही पुरते. मात्र मोजदाद चालली आहे म्हणून रुग्ण श्वास आवरून धरतो, तेव्हा पहिले मिनिट सोडून दुसरे धरलेले बरे.

तिसरा प्रश्न जुन्या दुखण्यांचा. मधुमेह? नाही. रक्तदाब? नाही. दमा? "नाही," तो म्हणतो. तेवढ्यात आई मध्ये पडते: "नाही कसा? आठवीपर्यंत पंप घेत होतास. अजून पावसाळ्यात छाती घरघरते तुझी."

हा फोन खऱ्या अर्थाने उपयोगी पडला तो इथे. घर उपाय सांगण्यात चुकते, पण इतिहास सांगण्यात सहसा चुकत नाही. चौतिशीच्या माणसाला स्वतःचे बालपणीचे आजार 'आता नाही' म्हणून नसल्यातच जमा वाटतात. आईला मात्र ते तारीखवार आठवतात. फ्लूच्या बाबतीत या एका तपशिलाने निर्णयच फिरतो. धडधाकट तरुणाचा फ्लू बहुतेक वेळा विश्रांती, पाणी आणि पॅरासिटामॉल यांवर आठवड्याभरात बरा होतो. त्याने दवाखान्यात गेलेच पाहिजे असे नाही. दमा, मधुमेह, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार, गरोदरपण, पासष्टीच्या वरचे वय यांपैकी काही असेल तर गुंतागुंतीचा धोका वाढतो, आणि अशा रुग्णाला विषाणूविरोधी औषध लवकर द्यावे असे वैद्यकशास्त्र सांगते. दमा सौम्य असला, आटोक्यात असला, तरी तो या यादीत येतो.

'लवकर' म्हणजे लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत. ओसेल्टामिविर हे यातले नेहमीचे औषध, ७५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, पाच दिवस. विषाणू पेशींतून बाहेर पडून पसरतो तो टप्पा ते अडवते. म्हणून विषाणूंची वाढ जोरात असते त्या पहिल्या दोन दिवसांत त्याचा गुण येतो, पुढे कमी होत जातो. ते रामबाण नाही. आजार सरासरीने दिवसभराच्या आसपासच कमी होतो. धोक्याच्या गटातल्या माणसाला मात्र ते गुंतागुंत टाळण्यासाठी देतात, आणि प्रकृती जास्त बिघडली तर दोन दिवस उलटल्यावरही देतात. मंगळवारी पहाटे दोनपासून ४८ तास म्हणजे गुरुवारी पहाटे दोन. दवाखान्याच्या वेळा धरल्या तर प्रत्यक्षातली मुदत बुधवारच्या संध्याकाळी संपते. 'एक झोप काढून बघू' म्हणणारा रात्रपाळीवाला मंगळवार झोपण्यात आणि बुधवार कामाच्या थकव्यात घालवतो, आणि गुरुवारी सकाळी दवाखान्यात पोचतो तेव्हा ही वेळ टळून गेलेली असते.

दरम्यान एक दुसरा हिशेबही पाहावा लागतो. पहाटेपासून त्याने घरून आणलेल्या ६५० मिलिग्रॅमच्या पॅरासिटामॉलच्या गोळ्या दर सहा तासांनी घ्यायच्या ठरवल्या आहेत. दिवसाला चार, म्हणजे २६०० मिलिग्रॅम. त्यावर खालच्या दुकानदाराने 'सर्दी-तापाच्या' गोळ्या दिल्या आहेत, एका वेळी दोन, दिवसातून तीनदा. पाकिटावर बारीक अक्षरांत प्रत्येक गोळीत ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असल्याचे लिहिले आहे. म्हणजे आणखी ३०००. एकूण ५६००. मोठ्या माणसाची चोवीस तासांची कमाल मर्यादा ४००० मिलिग्रॅम आहे. ती ओलांडत राहिले तर यकृताला इजा होते, आणि ती सुरुवातीला जाणवतही नाही. नावे वेगळी, रंग वेगळे, आतले औषध एकच. सर्दीच्या अशा अनेक गोळ्यांत गुंगी आणणारे औषधही असते, आणि गोळीने ताप दाबून गोदामात फोर्कलिफ्टच्या आसपास वावरणाऱ्याला ती गुंगी चांगलीच महागात पडू शकते. डॉक्टर त्याला दोहोंपैकी एकच पाकीट जवळ ठेवायला आणि प्रत्येक गोळीची वेळ लिहून ठेवायला सांगतात.

दवाखान्यात जायचे हे आता ठरले. त्यामागे आजाराबरोबर कागदाचेही कारण आहे. अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यानुसार आजारी कामगाराने तीन कामाच्या दिवसांच्या आत मालकाला कळवून वैद्यकीय अहवाल द्यायचा असतो. परीविक्षा काळ संपलेल्या कामगाराला वर्षाला नव्वद दिवसांपर्यंत आजारपणाची रजा मिळते: पहिले पंधरा दिवस पूर्ण पगारी, पुढचे तीस अर्ध्या पगारी, उरलेले बिनपगारी. परीविक्षा काळात रजा मिळते, पण पगार मिळत नाही. अहवाल नसेल तर ती गैरहजेरी धरली जाते. डॉक्टर सहसा तपासणीच्या दिवसापासूनची रजा लिहितात, मागच्या तारखेची नव्हे. म्हणून आधी दोन पाळ्या बुडवून मग दवाखान्यात जाणाऱ्याचे ते दोन दिवस कागदावर कुठेच येत नाहीत. रात्री नऊच्या पाळीसाठी संध्याकाळी सहाला दवाखाना गाठणे हे आजाराच्या दृष्टीने योग्य आणि पगाराच्या दृष्टीनेही.

कुठल्या दवाखान्यात, हे विम्यावरून ठरते. दुबईत २०१३ च्या कायद्याने कामगाराचा आरोग्य विमा मालकाने स्वतःच्या खर्चाने काढणे बंधनकारक आहे. हप्ता पगारातून कापता येत नाही. कमी पगाराच्या कामगारांसाठीच्या मूलभूत योजनेत आधी सामान्य डॉक्टरकडे जावे लागते, तेही विमा कंपनीच्या यादीतल्या दवाखान्यात. यादीबाहेर गेल्यास पूर्ण खर्च खिशातून जाऊ शकतो. यादीतल्या दवाखान्यातही थोडा वाटा रुग्णाला भरावा लागतो. योजनेच्या मूळ रचनेत तो तपासणीसाठी २० टक्के आणि औषधांसाठी ३० टक्के आहे. पुष्कळ कामगारांनी विम्याचे कागद कधी पाहिलेलेच नसतात. कामावरच्या कुणाला विचारून, किंवा अमिरातीचे ओळखपत्र दवाखान्याच्या काउंटरवर देऊन, विमा चालू आहे का आणि इथे चालतो का हे दोन मिनिटांत कळते. डॉक्टरांच्या रांगेत बसण्याआधी ते विचारून घ्यावे.

निघण्यापूर्वी तो पर्यवेक्षकाला लेखी संदेश पाठवतो: ताप ३९.४, दवाखान्यात जात आहे, आजच्या पाळीला येणार नाही. फोनवर सांगितलेले दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही. संदेशाखाली वेळ छापलेली राहते.

दवाखान्यात ताप, नाडी, रक्तातल्या ऑक्सिजनचे प्रमाण पाहिले जाते आणि छाती ऐकली जाते. ऑक्सिजन ९७ भरतो. तो ९४ च्या खाली असता तर डॉक्टरांनी पुढे रुग्णालयाचा विचार केला असता. नाकातला नमुना घेऊन झटपट चाचणी होते. ही चाचणी फ्लू आहे असे म्हणाली तर सहसा खरी ठरते, नाही म्हणाली तर तितका भरवसा नसतो. म्हणून लक्षणे ठळक असतील आणि रुग्ण धोक्याच्या गटात असेल तर चाचणी नकारात्मक येऊनही डॉक्टर औषध सुरू करू शकतात. इथे बोलणे चालते मोडक्या हिंदीत. ते एक वेळ चालते, पण तीन गोष्टी कागदावर लिहून नेलेल्या बऱ्या: थंडी वाजल्याची तारीख आणि तास, आतापर्यंत घेतलेल्या गोळ्या वेळेसह, आणि लहानपणचा दमा. ही तिसरी गोष्ट विचारल्याशिवाय सांगायची राहून जाते. आईने आठवण करून दिली नसती तर ती या कागदावर आलीच नसती.

तो ओसेल्टामिविर, एक इनहेलर आणि तीन दिवसांच्या रजेचा कागद घेऊन परततो. आता प्रश्न उरतो खोलीतल्या पाच जणांचा. फ्लूचा रुग्ण लक्षणांच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच ते सात दिवस संसर्ग देऊ शकतो, आणि पहिले तीन-चार दिवस सर्वांत जास्त. वरच्या बंकऐवजी खिडकीजवळचा खालचा पलंग, तोंडावर मास्क, वेगळा पेला, आणि एसी चालू असला तरी दिवसातून काही वेळ उघडी खिडकी, एवढे त्या खोलीत जमण्यासारखे आहे. खोलीतल्या कुणा एकाला रात्री झोपण्यापूर्वी आणि पहाटे निघताना याला हाक मारून उत्तर घ्यायला सांगून ठेवणेही जमते. एकट्या रुग्णाचा मोठा धोका हा की गुंगी किंवा भ्रम सुरू झाला तर तो त्याचा त्याला कळत नाही. दुपारचा फोन घरच्यांनी लावायचा. तो उचलला गेला नाही तर कुणाला फोन करायचा, तो नंबरही आईच्या वहीत आधी लिहिलेला हवा.

फ्लूचा ताप साधारण तीन-चार दिवसांत उतरतो. खोकला आणि थकवा दोन आठवडेही रेंगाळतो, आणि त्यात घाबरण्यासारखे काही नसते. गोळीविना पूर्ण चोवीस तास ताप नसेल तर कामावर जाता येते. रात्रपाळीवाल्याने हे चोवीस तास मोजताना त्यात एक संध्याकाळ येऊन गेली आहे ना, हे पाहावे. ताप उतरून दोन दिवस बरे गेले आणि मग तो पुन्हा चढला, खोकल्याबरोबर पिवळा किंवा तांबूस बेडका येऊ लागला, श्वास घेताना छातीत टोचू लागले, तर तो न्यूमोनिया असू शकतो, आणि तेव्हा रजेचा कागद संपण्याची वाट न पाहता त्याच दिवशी पुन्हा तपासून घ्यायचे. श्वास लागून वाक्य एका दमात पुरे होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, बोलणे असंबद्ध झाले असेल किंवा दहा-बारा तास लघवीच झाली नसेल, तर विम्याची यादी शोधत बसायचे नाही. दुबईत रुग्णवाहिकेचा नंबर ९९८ आहे.